"कशी आहेस?" या प्रश्नाला खरं उत्तर कसं द्यायचं: घरातलं माणूस गेलेल्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाराव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि कोणी फारसं काही विचारत नाही. येतात, बसतात, उठून जातात. विचारणं सुरू होतं ते त्यानंतर. दूध आणायला बाहेर पडलं की गडग्यापलीकडून, एसटीच्या थांब्यावर, मासळी बाजारात, मुंबईहून आलेल्या फोनवर: "काय गो, कशी आसस?" कोकणातल्या वाडीत सगळेच ओळखीचे, त्यामुळे हा प्रश्न दिवसातून दहा-बारा वेळा येऊ शकतो आणि दर वेळी उत्तर द्यावंच लागतं. इथे पहिल्या वर्षाचाच विचार केला आहे, आणि तोही मुख्यतः नवरा किंवा बायको गेल्यानंतरच्या वर्षाचा. उत्तरांचे नमुने प्रमाण मराठीत दिले आहेत, काही मालवणीत. तुमच्या घरी जसं बोलतात तसे ते बदलून घ्या. दुसऱ्याच्या बोलीतलं वाक्य ऐन वेळी तोंडात येत नाही.

"बरं आहे" म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं का?

नाही. चालता चालता कोणी "बरां मां?" म्हणतं तेव्हा तो नमस्कार असतो. त्याला "बरां" म्हणणं हाही नमस्कारच. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

अडचण होते ती जो माणूस खरंच काही करू शकला असता त्यालाही तेच "बरं आहे" मिळतं तेव्हा. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे विचारणाऱ्याचे पाय. तो थांबला का? हातातली पिशवी खाली ठेवली का? विचारल्यावर तुमच्याकडे बघत राहिला, की तोपर्यंत पुढच्या वळणाकडे बघू लागला? थांबलेल्या माणसाला थोडं खरं सांगून बघा. न थांबलेल्याला "बरं आहे" पुरे.

खरं सांगायचं म्हणजे किती सांगायचं?

तीन वाक्यं. साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतील एवढीच.

पहिलं वाक्य आजचं. "कशी आहेस?" हा प्रश्न सगळ्या आयुष्याबद्दल विचारल्यासारखा वाटतो, म्हणून उत्तर सुचत नाही. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतं. कधी गेलेल्या माणसात बुडालेलं असतं, तर कधी रेशन, वीजबिल, भातलावणी यांत. म्हणून सकाळी तुम्ही बाजारात हसून भाव केलात आणि तिन्हीसांजेला ओट्यावर रडलात, तर दोन्ही खरंच. "आज" किंवा "आत्ता" हा शब्द घातला की या दोहोंपैकी एकच निवडायची सक्ती राहत नाही. शिवाय उद्या कोणी "काल तर बरी होतीस!" म्हणालं, तरी तुम्ही खोट्या ठरत नाही.

दुसरं वाक्य एका ठोस गोष्टीचं. "फार वाईट वाटतं" यातून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. "रात्री दोनला जाग येते ती येतेच" यातून कळतं.

तिसरं वाक्य ऐकणाऱ्याने काय करायचं ते सांगणारं, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. तुमचं दुःख ऐकून समोरचा माणूस घाबरतो, हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नाही. ती पोकळी भरायला तो उपदेश करतो: "आता सावरायला हवं", "मुलांकडे बघून जगायचं". तिसऱ्या वाक्याने त्याच्या हाताला काम दिलंत की निम्मा उपदेश गळून पडतो. काम अगदी छोटं असलं तरी चालतं, "काही करू नकोस" हेसुद्धा.

सगळं मिळून असं होईल: "आजचा दिवस जड गेला. रात्री दोनपासून जागी आहे. तू जरा बस, बोलली नाहीस तरी चालेल." मालवणीत: "आजचो दिस जड गेलो. डोळ्याक डोळो लागाक नाय. वायच बस माझ्या वांगडा."

कोणाला तीन वाक्यं आणि कोणाला एक, हे कसं ठरवायचं?

नात्यावरून ठरवू नका. सख्खी जाऊ तीन वाक्यं पेलेलच असं नाही आणि मासे घेऊन येणारी बाई कदाचित पेलेल. तेराव्यानंतर आपणहून पुन्हा कोण आलं, ते आठवा. जी बाई तिसऱ्या आठवड्यात डबा घेऊन आली आणि रिकामा डबा मागायची घाई केली नाही, ती ऐकू शकते. जो माणूस आला आणि लगेच स्वतःच्या वडिलांच्या आजारपणात शिरला, त्याला एकच वाक्य द्या.

अशी दोन-तीनच नावं निघतील. तेवढी पुरतात. पण एकाच माणसावर रोज सगळं टाकलं की तो हळूहळू दुसऱ्या वाटेने जायला लागतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, तो थकलेला असतो. म्हणून दोन-तीन जण हवेत.

रस्त्यात, बाजारात, एसटीत काय बोलायचं?

एक वाक्य, आणि त्याला जोडून लगेच निघायची वाट. "दिस काढतंय गो. मगे बोलया." किंवा "आहे तशीच आहे. तुम्ही आठवण ठेवलीत ते पोचलं, वहिनी. गाडी यायची वेळ झाली." वाक्य खोटं नाही आणि गप्पांचं दारही उघडत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून तासभर सुटका नसते, तिथे थोडं स्पष्ट बोला: "आज या विषयावर बोलवत नाही मला. तुमच्या सुनेचं बाळंतपण झालं का?" विषय बदलताना तुम्ही तिला प्रश्न विचारायचा. नुसतं गप्प राहिलात तर ती आणखी हळवी होऊन पुन्हा तिथेच येते.

"गेले कसे? नक्की काय झालं होतं?" असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं?

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणालाच देणं लागत नाही. तरीही लोक विचारतातच, म्हणून एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवावं आणि सगळ्यांनी तेच सांगावं: "हृदय बंद पडलं, दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. त्याहून जास्त सांगायला नको वाटतं." घरातले चौघे चार तऱ्हेने सांगतात तेव्हा वाडीत पाचवी कहाणी तयार होते आणि ती फिरून तुमच्याच कानावर येते.

आत्महत्या असेल तर हे आणखी गरजेचं. "त्याने स्वतःचा जीव घेतला. कसा, ते आम्ही कोणालाच सांगत नाही" असं म्हणता येतं. पद्धत सांगू नये, कारण ऐकणाऱ्यांत आधीच खचलेलं कोणी असू शकतं.

"आता रडू नकोस, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो" असं म्हणणाऱ्यांचं काय?

वाद घालू नका. वादात हार-जीत काहीही झाली तरी तुम्हीच दमता. त्यांच्या बोलण्यातली माया घ्या आणि सल्ला तिथेच सोडा: "तुम्ही मायेने सांगताय, काकी. पण रडले की मला थोडं हलकं वाटतं." यातला "पण" शांतपणे आला पाहिजे. पुन्हा तेच ऐकवलं तर त्यांना काम द्या: "जरा चहा ठेवाल का?" म्हाताऱ्या बायकांना हे वाक्य खरंच आवडतं. त्याही काहीतरी करायलाच आलेल्या असतात.

मुलगा मुंबईत आहे. रोज फोन करतो, "बरी आहेस ना?" विचारतो. खरं सांगितलं तर तो काळजी करेल.

कोकणातल्या घरांत ही सगळ्यांत जास्त दिसणारी गाठ. आई मुलाला जपते, मुलगा आईला जपतो, दोघं एकमेकांना "बरं आहे" सांगतात आणि फोन ठेवून दोघंही रडतात. मुलाला काळजी लागायची ती लागतेच, कारण त्याला तुमचा आवाज कळतो. कारण मात्र कळत नाही, आणि कारण न कळलेली काळजी जास्त पोखरते.

मुलाला सांगताना तिसरं वाक्य फार स्पष्ट हवं, नाहीतर तो लगेच "तू इकडे ये, नाहीतर मी नोकरी सोडून येतो" इथपर्यंत जातो. म्हणून असं: "दिवस निघतो रे. दिवा लावायची वेळ झाली की मात्र जीव घाबरा होतो, ते त्या वेळेला घरी यायचे ना. तू धावत यायला नको. रोज सव्वासातला पाच मिनिटं फोन कर, मी काही बोलले नाही तरी चालेल." यात दुःख आहे, त्याची वेळ आहे, आणि मुलाला पेलेल एवढं मोजकं काम आहे.

मुलांनाही एक सांगायचं आहे. "जेवलीस का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो" येतं. "आज काय केलंस जेवायला?" असं विचारा. सलग चार दिवस "पेज केली" किंवा "कालचा भात होता" असं उत्तर आलं तर समजा, एकटीसाठी चूल पेटवायची इच्छा गेली आहे. मग शेजारच्या काकींना फोन करून आठवड्यातून दोनदा आईला त्यांच्याकडे जेवायला बोलवायला सांगा. आपलं दुःखही लपवू नका: "मलाही आज लोकलमध्ये बाबांची आठवण आली" असं मुलगा म्हणाला की आईचं तोंड उघडतं.

सासूबाईंचा मुलगा गेला, माझा नवरा. त्या विचारतात तेव्हा काय बोलू?

दोघींचं दुःख सारखं मोठं, त्यामुळे इथे एकीने दुसरीला सावरायची अपेक्षा धरू नये. "तुमच्यासारखीच आहे, आई. आज मला बोलवत नाही, पण तुमच्याजवळ बसते." भाजी निवडायला घ्या, तांदूळ पाखडा. हाताला काम असलं की शेजारी बसणं सोपं जातं.

पाच वर्षांचं मूल विचारतं, "आई, तू का रडतेस?"

लहान मुलाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: काय चाललंय, यात माझी चूक आहे का, आणि माझं कोण बघणार. म्हणून: "बाबांची आठवण आली म्हणून रडतेय. तू काहीच केलेलं नाहीस. आता थोड्या वेळाने उठून तुला भात वाढते." वाढते म्हणालात तर खरंच उठा आणि वाढा. शब्दापेक्षा त्या भातावर मूल जास्त विश्वास ठेवतं.

"बाबा मुंबईला गेलेत" असं सांगणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते टाळा. कोकणातल्या मुलाला मुंबईला गेलेला माणूस गणपतीला परत येतो हे पक्कं ठाऊक असतं, आणि मूल गणपतीपर्यंत वाट बघतं. "झोपलेत" म्हटलं तर मूल स्वतः झोपायला घाबरू लागतं. "बाबा मेले. त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत" हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाला तेवढंच नीट कळतं. मूल तेच दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर द्या.

कामावर साहेबांनी विचारलं तर?

तिथे मनाविषयी कमी आणि कामाविषयी जास्त बोला. "दुपारनंतर लक्ष लागत नाही, आकडे चुकतात. पुढचे पंधरा दिवस हिशोबाचं काम सकाळी द्या, दुपारी दुसरं काहीही द्या. पंधरा दिवसांनी मीच येऊन सांगते." मुदत घातल्याने साहेबांना होकार देणं सोपं जातं.

पुरुषांना कोणी विचारतच नाही. विचारलं तरी "काय, ठीक ना?" एवढंच.

आणि उत्तरही "ठीक" एवढंच जातं. पुरुष समोरासमोर बसून बोलायला बिचकतात, शेजारी बसून काम करताना बोलतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, हात रिकामे. बायको गेलेल्या खलाशाला हे दोन महिने फार जड जातात. पण जाळी दुरुस्त करायचं कामही याच दिवसांत निघतं, आणि ते दोघांनी मिळून बसून करता येतं. तेव्हा उत्तर असं द्या: "ठीक नाय रे. घरात पाय ठेववत नाही. उद्या जाळ्याला बस माझ्याबरोबर." बोलणं आपोआप निघेल, नाही निघालं तरी दिवस जाईल.

"ठीक नाही, चल बसूया" म्हणून संध्याकाळी बाटली उघडली जाते, तिथे सावध राहा. दारूने झोप लागते आणि मध्यरात्री मोडते, आणि मोडल्यावर आठवण दुपटीने येते. रोजची सवय लागायला पावसाळा पुरतो.

समुद्रात गेलेला माणूस सापडलाच नाही. "काही कळलं का?" या प्रश्नाला काय म्हणायचं?

इथे "गेले" म्हणू की "आहेत" म्हणू, हेच ठरत नाही. ठरवायची घाईही करू नका. "काही कळलं नाही. कधी वाटतं येतील, कधी वाटतं गेले. आज काय वाटतंय ते विचारू नका, फक्त आमची आठवण ठेवा." घरात एक जण दिवा लावून वाट बघतो आणि दुसऱ्याने क्रियाकर्माचं काढलं, की भांडण होतं. दोघांचंही उत्तर खरं आहे हे बाहेरच्यांना सांगता आलं, तर तेच घरातही बोलता येतं. कागदपत्रांचा प्रश्न वेगळा आहे: बेपत्ता माणसाबाबत कायद्यात सात वर्षांची तरतूद आहे, त्यासाठी वकिलाला भेटा. कागदावर सही केली म्हणजे तुम्ही आशा सोडली असा त्याचा अर्थ होत नाही.

यंदा गणपतीला सगळे चाकरमानी येणार. अठरा माणसं, प्रत्येक जण विचारणार. काय करू?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. चौपन्न वर्षांची बाई, ज्येष्ठात नवरा गेला, भाद्रपदात गणपती. सुतक कधीच फिटलं आहे. पहिल्या वर्षी गणपती कसा करायचा याचे रिवाज घराघरांत वेगळे, या घरात तो थोरल्या दिरांकडे बसवायचं ठरलं. म्हणजे सण आहे, माणसं येणार आहेत, आणि नवऱ्याच्या हातची आरास नाही.

आठ दिवस आधी: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या वतीने पुतणीने एक मजकूर टाकायचा. "काकी यंदा आपल्यात असणार आहे. ती कशी आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारू नका. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल. काकांची आठवण निघाली तर टाळू नका, तिला ती आवडते. ती उठून गेली तर मागे जाऊ नका, मी बघेन." हा मजकूर तिने स्वतः टाकला तर अठरा उत्तरं तिलाच द्यावी लागतील. म्हणून पुतणीने टाकायचा. शेवटची दोन वाक्यं गाळू नका, सगळा घोळ तिथेच होतो: बाई डोळे पुसायला मागीलदारी जाते आणि पाच जणी तिच्यामागून धावतात.

माणसं उतरतात त्या दिवशी: खळ्यात प्रत्येकाला एकच वाक्य. "आलात, बरं वाटलं. आज नुसते जेवा, उद्या बोलू." अठरा वेळा तेच वाक्य म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही, प्रत्येक जण ते एकदाच ऐकतो.

आरतीच्या वेळी: तिने भिंतीशी न बसता दाराजवळ बसावं, म्हणजे उठायचं झालं तर कोणाला ओलांडावं लागत नाही. पुतणीशी खूण आधी ठरलेली असावी. पदर खांद्यावर ओढला, की पुतणी म्हणते, "काकी, जरा पाण्याचं बघतेस का?" आणि दोघी बाहेर. दहा मिनिटं. मग जमलं तर परत यायचं, नाही जमलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी हमखास एक आत्या गळ्यात पडून मोठ्याने रडते, आणि बाईलाच तिची समजूत घालावी लागते. तेव्हा आत्याचा हात धरून म्हणायचं: "आत्या, तुमचा भाऊ होता, तुम्हाला रडू येणारच. आत्ता मला तुम्हाला सावरायचं बळ नाही. चला, भाऊजींजवळ बसा." कठोर वाटलं तरी आत्याला हे लागत नाही, कारण तिचं दुःख तुम्ही मान्य केलेलं असतं.

आणि ज्याची तयारी कोणीच करत नाही तो दिवस म्हणजे विसर्जनानंतरची सकाळ. गाड्या गेल्या, घर रिकामं, उष्टी पातेली आणि शांतता. पहिल्या वर्षात हा दिवस सणापेक्षा वाईट जातो. तो आधीच भरून ठेवा. ऐकू शकणाऱ्या त्या दोन-तिघांपैकी एकीला आठवडाभर आधी सांगा: "माणसं गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी ये. भांडी घासू, आणि त्या दिवशी मला खरंच विचार कशी आहे ते."

सांगता सांगता जास्तच बोलून गेले, आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी एक वाक्य पुरतं: "काल खूप बोलले, ऐकून घेतलंस. ते तुझ्यापाशीच ठेव." माफी मागू नका. माफी मागितली की पुढच्या वेळी तो विचारायला कचरेल.

डॉक्टरांना काय सांगायचं?

इथे तीन वाक्यं उपयोगाची नाहीत, इथे आकडे लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या गर्दीत तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळणार. "मन लागत नाही" म्हटलं तर झोपेची किंवा ताकदीची गोळी मिळेल आणि विषय संपेल. त्याआधी सात दिवस कॅलेंडरच्या चौकटीत रोज लिहा: किती तास झोप, किती वेळा जेवण, रोजची औषधं घेतली का, घराबाहेर पडलात का. मग असं सांगा: "मिस्टर जाऊन सात महिने झाले. गेल्या सात रात्रींपैकी पाच रात्री तीन तासांच्या वर झोप नाही. दिवसातून एकदा जेवते. बीपीची गोळी चार दिवस चुकली. दिवसभर त्यांच्याशिवाय दुसरं सुचत नाही, आणि हे कमी होत नाहीये."

शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. शोक हा आजार नाही आणि त्याला मुदतही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात, निदान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ आणि वेदना कायम राहून रोजचं जगणं अडलं असेल, तर त्याला स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलं आहे. अमेरिकी वर्गीकरणात मोठ्या माणसांसाठी हाच काळ एक वर्षाचा आहे. यावर वेगळे उपचार असतात, म्हणून "वेळ गेला की बरं होईल" एवढ्यावर थांबू नका. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे कोणी बघेल अशी भीती वाटत असेल, तर आधी 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर घरूनच बोलता येतं. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

"मलाही त्यांच्याकडे जावंसं वाटतं" असं मनात येतं. हे कोणाला सांगायचं का?

हो, आणि त्याच दिवशी. असं वाटणं शोकात अनेकांना होतं. पण नुसती ओढ आणि "कसं, केव्हा" हे मनात येऊ लागणं, यांत फरक आहे. आडवळणाने सांगू नका, ऐकणारा ते आठवण म्हणून सोडून देतो. सरळ म्हणा: "मला मरायचे विचार येतात. आज मला एकटीला सोडू नका." ऐकणाऱ्याने रागावू नये, शपथा घालू नयेत. थेट विचारावं: "कसं करायचं ते ठरवलंयस का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला मोकळीक मिळते. उत्तर "हो" असेल तर सोबत थांबा, 14416 ला फोन लावा किंवा थेट रुग्णालयात न्या. तातडीची मदत हवी असेल तर 112. आणि एक काम लगेच करा: आंब्याच्या बागेसाठी आणलेली फवारणीची औषधं घरातून उचलून दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. ती पडवीत सहज हाताशी असतात, आणि वाईट क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात बाटली हाताला लागता कामा नये.

वर्षश्राद्ध झालं आणि विचारणंच थांबलं. आता?

लोकांच्या मनात वर्ष म्हणजे हिशोब पुरा. शिवाय त्यांना वाटतं, विचारलं तर खपली निघेल. त्यामुळे आता विचारायची परवानगी तुम्हालाच द्यावी लागते. ऐकू शकणाऱ्या त्या दोन-तिघांना सांगा: "तू आता विचारत नाहीस. मला आठवण करून दिली असं तुला वाटत असेल, पण मी ते विसरलेलीच नाही. महिन्यातून एकदा विचारत जा. बरी असले तर बरी म्हणेन."